इंग्रजीतील अनेकवचन व भूतकाळ यांच्या प्रत्ययांची रूपिकांतरे

इंग्रजी नामाचे अनेकवचन लेखनात बहुधा ‘एस्’ या एका अक्षराने दर्शविले जाते आणि क्रियापदाचा भूतकाळ ‘ईडी’ या दोन अक्षरांनी. उच्चारात मात्र यांपैकी प्रत्येक प्रत्ययाची तीन रूपे आढळतात. ‘कॅट’चे अनेकवचन ‘कॅट्स’, ‘डॉग’चे ‘डॉग्ज़’ आणि ‘बस’चे ‘बसिज़’ असे होते. त्याचप्रमाणे ‘वॉक’चा भूतकाळ ‘वॉक्ट’, ‘बेग’चा ‘बेग्ड’ आणि ‘वाँट’चा ‘वाँटिड’ असा होतो. (येथे ‘ज़’ हे चिन्ह ‘स’च्या सघोष प्रतिरूपासाठी योजिले आहे. प्रत्ययातील स्वर ‘इ’ने दाखविला असला तरी काही बोलींत तो ‘अ’कडे झुकतो.) एकाच रूपिमाच्या अशा, परिस्थितीनुसार बदलणाऱ्या रूपांना रूपिकांतरे म्हणतात. कोणते रूपिकांतर कोठे यावे हे शब्दाच्या अर्थावर अथवा लेखनावर नव्हे, तर त्याच्या अंत्य ध्वनीवर ठरते.

अनेकवचनाची व्यवस्था अशी आहे. शब्दाच्या अंती सीत्कारयुक्त ध्वनी असल्यास, म्हणजे ‘बस’, ‘रोज़’, ‘डिश’, ‘मॅच’, ‘जज’ यांसारख्या शब्दांत, ‘इज़्’ येतो. अन्य अघोष ध्वनी अंती असल्यास ‘स्’ येतो आणि उरलेल्या सर्व ठिकाणी, स्वरान्त शब्दांसह, ‘ज़्’ येतो. भूतकाळाची व्यवस्था हिला समांतर आहे. ‘ट्’ व ‘ड्’ यांच्यापुढे ‘इड्’, अन्य अघोष ध्वनींपुढे ‘ट्’ आणि इतरत्र ‘ड्’ अशी तिची योजना आहे. लेखनाचा येथे काही संबंध नाही, हे ‘लाफ’ या क्रियापदावरून दिसते. त्याच्या लेखनाच्या अंती ‘जीएच्’ ही अक्षरे आहेत. पण उच्चार अघोष ‘फ्’चा असल्याने भूतकाळ ‘लाफ्ट’ असाच होतो.

दोन्ही व्यवस्था शेजारी ठेवल्या की एक गोष्ट ध्यानात येते. ‘स्’ हा अंत्य ध्वनी अनेकवचनात स्वरयुक्त रूप मागतो, भूतकाळात मागत नाही: ‘किस’चे नाम म्हणून अनेकवचन ‘किसिज़’, पण क्रियापद म्हणून भूतकाळ ‘किस्ट’. उलट ‘ट्’ हा भूतकाळात स्वर मागतो, अनेकवचनात मागत नाही. म्हणजे स्वराचे कारण केवळ अंत्य ध्वनीत नाही. अंत्य ध्वनी व प्रत्ययाचे व्यंजन एकमेकांच्या फार जवळचे असतील, तरच त्यांच्यामध्ये स्वर दिसतो. दोन प्रत्ययांच्या दोन स्वतंत्र याद्या वाटतात, त्यांमागे हे एकच तत्त्व आहे.

आता प्रश्न असा की, तीन रूपांपैकी मूळ कोणते मानावे? ‘स्’ हे मूळ मानता येत नाही. ‘हेन्स’ (म्हणून) आणि ‘हेन्ज़’ (कोंबड्या) हे दोन्ही शब्द इंग्रजीत आहेत. अर्थात ‘न्’नंतर ‘स्’ उच्चारण्यास त्या भाषेत कोणतीच आडकाठी नाही. मूळ प्रत्यय ‘स्’ असता, तर ‘हेन’नंतर त्याने सघोष व्हावे याला ध्वनिनियमांत कारण सापडले नसते. याउलट ‘ट्’नंतर त्याच अवयवात ‘ज़्’ येणे इंग्रजीला मानवत नाही, म्हणून ‘ज़्’चा ‘स्’ होणे हे सहज सारूप्य ठरते. ‘सेन्ट’ व ‘सेन्ड’ या जोडीवरून ‘ट्’ऐवजी ‘ड्’ मूळ मानण्याचा युक्तिवाद याच पद्धतीने करता येतो.

उरतात ‘ज़्’ आणि ‘इज़्’. लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी 1933 च्या आपल्या ‘लँग्वेज’ या ग्रंथात स्वरयुक्त रूप मूळ मानले: प्रथम स्वरलोप, मग अघोषीकरण. त्यानुसार ‘कॅट + इज़्’चे ‘कॅट्ज़’ आणि त्याचे ‘कॅट्स’ होते. दुसऱ्या पक्षाच्या मते मूळ ‘ज़्’ आहे आणि सीत्कारयुक्त ध्वनींनंतर स्वरागम होतो. या पक्षात नियमांचा क्रम निर्णायक ठरतो. ‘बस + ज़्’ येथे स्वरागम आधी झाला, तर ‘बसिज़’ सिद्ध होते आणि ‘स्’ व ‘ज़्’ यांचा संयोग तुटल्याने अघोषीकरणास वावच राहत नाही. अघोषीकरण आधी केले, तर ‘बस + स्’ आणि मग ‘बसिस’ असे अशुद्ध रूप हाती येते. (मराठीत रूढ असलेला ‘बसेस’ हा उच्चार या रूपासारखा दिसतो, पण तो नियमांच्या क्रमामुळे नव्हे, तर लेखनातील ‘एस्’चे वाचन ‘स’ असे केल्यामुळे आला आहे.)

दोन्ही पक्ष योग्य रूपे सिद्ध करतात, त्यामुळे निवड अन्य पुराव्यावर करावी लागते. इतिहास ब्लूमफील्ड यांच्या बाजूचा भासतो. मध्ययुगीन इंग्रजीत हे प्रत्यय सस्वर होते आणि ‘ब्लेसिड’, ‘लर्निड’ यांसारख्या विशेषणांत तो जुना स्वर अद्याप टिकून आहे. परंतु आजच्या भाषेच्या वर्णनात स्वरलोपाचा नियम केवळ याच प्रत्ययांपुरता राखून ठेवावा लागतो. ‘इश्’, ‘इस्ट्’ यांसारख्या प्रत्ययांतील स्वर लोप पावत नाही. स्वरागमाला मात्र असे खास कारण शोधावे लागत नाही, कारण इंग्रजी शब्दाच्या अंती दोन सीत्कारयुक्त ध्वनी लागोपाठ येतच नाहीत. म्हणून ऐतिहासिक क्रम एका दिशेचा आणि वर्णनात्मक नियम दुसऱ्या दिशेचा, अशी स्थिती येथे स्वीकारावी लागते.

ही व्यवस्था पाठांतराची नसून नियमांची आहे, हे जीन बर्को यांनी 1958 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने दाखविले. चार ते सात वर्षांच्या मुलांना ‘वग’, ‘टॅस’ असे कल्पित शब्द देऊन त्यांची अनेकवचने विचारण्यात आली. पूर्वी कधीही न ऐकलेल्या ‘वग’चे ‘वग्ज़’ बहुसंख्य मुलांनी केले. ‘ग्लास’चे ‘ग्लासिज़’ 91 टक्के मुलांनी सांगितले; परंतु ‘टॅस’चे ‘टॅसिज़’ फक्त 36 टक्क्यांनी. ‘ग्लासिज़’ हे रूप मुलांना परिचित होते, नियम मात्र अद्याप पक्का झाला नव्हता. स्वरयुक्त रूप सर्वांत उशिरा हाती येते, हे ते मूळ नसल्याचे प्रमाण नव्हे. पण स्वरागमाच्या पक्षाशी ते सुसंगत आहे.

नियम ध्वनींच्या यादीवर चालत नाही, तर गुणधर्मावर चालतो, याची एक परीक्षा मॉरिस हाले यांनी 1978 मध्ये मांडली. जर्मन संगीतकार ‘बाख’ याच्या नावाचा अंत्य ध्वनी इंग्रजीत नाही. तरीही ज्याला तो उच्चारता येतो, असा इंग्रजी भाषक त्या नावाचे अनेकवचन ‘स्’ लावूनच करतो. परका ध्वनी कोणत्याही यादीत असणे शक्य नाही. त्याचे अघोषत्वच निवड करते.

या नियमांची मर्यादाही निश्चित आहे. ‘ऑक्सन’, ‘शीप’ ही अनेकवचने ध्वनीवरून ठरत नाहीत. ती शब्दागणिक लक्षात ठेवावी लागतात. ‘बर्न’चा भूतकाळ ‘बर्न्ड’ हा नियमानुसार आहे, पण ‘बर्न्ट’ नाही. ‘न्’ सघोष असताना ‘ट्’ आला, एवढ्यावरून तो अपवाद ओळखता येतो. ‘वाइफ’चे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. तिचे अनेकवचन ‘वाइव्ह्ज़’, पण षष्ठीचे रूप ‘वाइफ्स’. येथे अनियमित आहे तो प्रत्यय नव्हे, तर अनेकवचनात सघोष होणारे प्रकृतीचे व्यंजन. ते एकदा ठरले की प्रत्यय दोन्ही ठिकाणी आपला नियम बिनचूक पाळतो.