प्रक्षेपण अडखळते तेव्हाची वाक्ये

परवा एका व्याख्यानाच्या थेट प्रक्षेपणात ध्वनी लुप्त झाला, तरी निवेदक बोलतच राहिले. म्हणून हे लिहितो.

पूरक निवेदनाची संहिता बिघाडाच्या प्रकारानुसार निराळी असावी लागते, कारण ध्वनी गेला असता आधीच तयार ठेवलेली लिखित पाटीच पडद्यावर आणावी लागते. चित्र गेले, तर मात्र सारी भिस्त आवाजावर असते.

तेव्हा पहिले वाक्य वस्तुस्थितीचे : ‘चित्र थांबले आहे, आवाज सुरू आहे, दुरुस्ती चालू आहे.’ मुदतीचा वायदा मुळीच करू नये. पुढे वक्त्याच्या ग्रंथांविषयी 20-30 सेकंदांचे, कुठेही थांबवता येतील असे मजकूर.

‘दिसते का?’ विचारून थांबू नये. प्रक्षेपण प्रेक्षकांपर्यंत काही सेकंद उशिरा पोहोचत असल्याने उत्तर येईतो नुसती शांतता पसरते.