ऐकीव माहिती ‘पाहिलेली’ कशी होते?

जून 2008मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात एका तरुणीला आणि तिच्या साथीदाराला जन्मठेप सुनावली. प्रसादातून आर्सेनिक दिल्याचा आरोप होता. या निकालाची चर्चा देशाबाहेरही झाली, कारण इतर पुराव्यांबरोबर न्यायालयाने एका मेंदूचाचणीचा अहवालही ग्राह्य धरला होता. ‘ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर’ नावाची ही चाचणी बेंगळुरूच्या निम्हान्समधील चिकित्सा मानसशास्त्र विभागाचे माजी प्रमुख चंपाडी रामन मुकुंदन यांनी विकसित केली होती. आरोपीच्या डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी चढवायची, डोळे मिटून गप्प बसायला सांगायचं आणि एकेक वाक्य ऐकवायचं. त्यातलं एक वाक्य ‘मी आर्सेनिक विकत घेतलं’ असं होतं. ते ऐकताना मेंदूत उठणाऱ्या विद्युतलहरींवरून, ही गोष्ट त्या माणसाने स्वतः केली आहे की त्याला ती नुसतीच ठाऊक आहे, हे ओळखता येतं असा चाचणीचा दावा होता.

त्याच वर्षी निम्हान्सचे तत्कालीन संचालक डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ही चाचणी शास्त्रीय कसोटीला उतरत नाही आणि न्यायालयात पुरावा म्हणून वापरू नये, असा निर्वाळा दिला. पुढे 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूचाचणी संमतीशिवाय करण्यास मनाई केली. आपल्याकडे या निकालाची चर्चा मुख्यतः गप्प राहण्याच्या हक्काभोवती झाली आणि ती योग्यच होती. पण त्यामागचा दुसरा प्रश्न मला तितकाच गंभीर वाटतो. अनुभवलेलं आणि ऐकलेलं यांच्यामध्ये स्मृतीत अशी पक्की सीमारेषा असते का? पोलिसांची कथा चौकशीत पुन्हा पुन्हा ऐकून झाल्यावरही ती रेषा तशीच राहते का? हा प्रश्न आरोपीइतकाच साक्षीदारालाही लागू होतो. साक्षीदाराच्या बाबतीत तर तो रोज उभा राहतो, फक्त तिथे टोपी आणि तारा नसल्याने तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

याचं उत्तर शोधायचं तर आधी उंदरांकडे जावं लागतं. नवी आठवण सुरुवातीला कच्ची असते आणि काही तासांत मेंदूतल्या पेशी नवी प्रथिनं तयार करून ती पक्की करतात, हे बऱ्याच काळापासून माहीत होतं. एकदा पक्की झाली की ती कायमची, असा सर्वसाधारण समज होता. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या करीम नादेर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लडू यांनी 2000 साली त्याला धक्का दिला. त्यांनी उंदरांना एक आवाज ऐकवून पाठोपाठ विजेचा झटका दिला. आवाज आणि झटका यांची सांगड बसली. नंतर नुसता आवाज आला तरी उंदीर भीतीने गोठून जागच्या जागी थांबू लागले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे आठवण पक्की झाल्यावर, त्यांना तोच आवाज फक्त एकदा ऐकवला आणि लगेच भीतीचं केंद्र असलेल्या अमिग्डलात प्रथिननिर्मिती रोखणारं ॲनिसोमायसिन हे औषध सोडलं. त्यानंतरच्या दिवशी आवाज वाजला तेव्हा त्या उंदरांचं गोठणं बरंच कमी झालेलं होतं.

या प्रयोगाचं मोल त्यातल्या तुलनेच्या गटांत आहे. आवाज न ऐकवता तेच औषध दिलं तर आठवण शाबूत राहिली. आवाज ऐकवल्यानंतर सहा तासांनी औषध दिलं तरीही ती शाबूत राहिली. म्हणजे औषधाने अमिग्डलाला इजा केली नव्हती. आठवण जागी झाल्यामुळे ती काही तास पुन्हा कच्ची झाली होती आणि टिकण्यासाठी तिला नव्याने प्रथिनं लागत होती. या प्रक्रियेला पुनर्दृढीकरण म्हणतात. स्मृती बाहेर काढायची, पाहायची आणि होती तशी ठेवून द्यायची, असं होत नाही. बाहेर काढणं हाच तिच्यात बदल होण्याचा क्षण असू शकतो.

माणसाच्या मेंदूत असं औषध सोडता येत नाही, पण औषधाऐवजी नवी माहिती सोडता येते. ॲरिझोना विद्यापीठात आल्मुट हुपबाख आणि सहकाऱ्यांनी 2007 साली एक साधा, पण डोकेबाज प्रयोग केला. स्वयंसेवकांना पहिल्या दिवशी एका निळ्या टोपलीतून एकेक करत वीस वस्तू दाखवल्या आणि त्या पाठ करायला लावल्या. दोन दिवसांनी त्यांचे दोन गट केले. एका गटाला ती टोपली दाखवून ‘परवा आपण काय केलं होतं?’ एवढंच विचारलं आणि मग दुसऱ्या वीस वस्तू शिकवल्या. दुसऱ्या गटाला पहिल्या दिवसाची कसलीही आठवण करून न देता थेट नव्या वस्तू शिकवल्या. आणखी दोन दिवसांनी दोन्ही गटांना पहिल्या दिवसाच्या वस्तू सांगायला लावल्या. ज्यांना आठवण करून दिली होती त्यांच्या यादीत नंतर शिकवलेल्या वस्तू लक्षणीय प्रमाणात शिरल्या, दुसऱ्या गटाच्या यादीत त्या क्वचितच आल्या. उलट दिशेने, म्हणजे जुन्या वस्तू नव्या यादीत, अशी घुसखोरी जवळपास झाली नाही. नुसता गोंधळ असता तर तो दोन्ही बाजूंनी झाला असता. इथे उघडी झालेली आठवणच काय ती बदलली होती.

यात एक बारकावा आहे. नव्या वस्तू शिकून झाल्याबरोबर त्याच दिवशी चाचणी घेतली तेव्हा ही सरमिसळ दिसली नाही. ती व्हायला मध्ये वेळ जावा लागला. साक्षीदाराच्या बाबतीत याचा अर्थ असा, की चुकीची माहिती कानावर पडली त्या संध्याकाळी त्याची साक्ष ठीक वाटेल आणि फरक नंतर दिसेल.

साक्षीपुरतं बोलायचं तर या सगळ्याच्या आधीचा पुरावा एलिझाबेथ लॉफ्टस यांचा. त्यांनी आणि जॉन पामर यांनी 1974मध्ये 150 विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. त्यातल्या 50 जणांना ‘गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता?’ असं विचारलं, 50 जणांना ‘आदळल्या’ऐवजी ‘धडकल्या’ असं सौम्य क्रियापद वापरून विचारलं, उरलेल्यांना वेगाबद्दल काहीच विचारलं नाही. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, ‘फुटलेली काच दिसली होती का?’ फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हती. तरी पहिल्या गटातल्या 16 जणांनी ‘हो’ सांगितलं, दुसऱ्या गटातल्या 7 आणि तिसऱ्या गटातल्या 6 जणांनी. एका क्रियापदाने काच फोडली.

पण मूळ आठवण खरोखर पुसली जाते, की ती तशीच राहून तिच्याशेजारी दुसरी उभी राहते, यावर अजूनही एकमत नाही. मायकेल मॅक्लॉस्की आणि मारिया झारागोझा यांनी 1985मध्ये दाखवलं, की दिशाभूल झालेल्या माणसापुढे खोटा पर्याय ठेवलाच नाही, तर खरी वस्तू तो इतरांइतकीच बरोबर ओळखतो. पुढे 2013मध्ये जेसन चॅन आणि जेसिका लापाग्लिया यांनी उलटा निष्कर्ष काढला. आधी प्रसंग आठवायला लावला आणि लगेच चुकीची माहिती दिली, तर मूळ तपशील ओळखण्याची क्षमताच घटते. मध्ये 48 तास जाऊ दिले तर घटत नाही. त्यानंतर 2016मध्ये झारागोझांच्या गटाला तो परिणाम पुन्हा मिळवता आला नाही. माझ्या मते प्रयोगशाळेतला हा वाद पूर्ण मिटण्याची वाट न्यायालयाने पाहण्याचं कारण नाही. आठवण पुसली गेलेली असो की झाकली गेलेली, साक्षीदाराच्या तोंडून चुकीचा तपशील खात्रीने बाहेर पडतो, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे.

आता हे बेंगळुरूच्या रस्त्यावर आणून पाहू. समजा मल्लेश्वरममध्ये सकाळी फिरायला निघालेल्या एका बाईंची सोनसाखळी दोघांनी मोटारसायकलवरून हिसकावली. मागे बसलेल्याचा चेहरा त्यांना दोन-तीन सेकंद दिसला. ठाण्यात त्यांचा जबाब घेतला जातो. त्या आठवू लागतात, म्हणजे आठवण उघडी होते. हवालदार विचारतो, ‘दाढी होती ना?’ त्यांना दाढीबद्दल नक्की सांगता येत नाही, पण जबाबात दाढी येते. संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर कोणत्या तरी कॅमेऱ्यातली, कदाचित दुसऱ्याच घटनेची, क्लिप फिरते. शेजारी तिच्यावर बोलतात. तीही आठवणीच्या त्याच उघड्या तासांत येते. दोन आठवड्यांनी पोलीस मोबाइलवर एक फोटो दाखवतात आणि त्यानंतर ओळख परेड होते. बाई डमींमधून बरोबर त्या फोटोतल्याच माणसावर बोट ठेवतात. तो चेहरा त्यांच्या ओळखीचा आहेच. फक्त तो मोटारसायकलवर पाहिला की मोबाइलवर, हे त्यांच्या मेंदूने वेगळं ठेवलेलं नाही. फोटो आधी दाखवला असेल तर परेडचं मोल जातं, असं न्यायालयं सांगत आली आहेत ती याचसाठी. खटला उभा राहतो तेव्हा काही वर्षं गेलेली असतात आणि बाई शपथेवर, मनापासून, अत्यंत ठामपणे सांगतात, की हाच तो.

हा ठामपणा कुठून येतो तेही मोजलं गेलं आहे. गॅरी वेल्स आणि ॲमी ब्रॅडफिल्ड यांनी 1998मध्ये स्वयंसेवकांना सुरक्षा कॅमेऱ्याचं चित्रण दाखवलं आणि नंतर गुन्हेगार मुळातच नसलेले फोटो समोर ठेवून ओळखायला सांगितलं. सगळ्यांची ओळख चुकली. त्यानंतर काहींना ‘छान, तुम्ही संशयिताला बरोबर ओळखलंत’ असं म्हटलं. एवढ्याने त्यांची खात्री वाढली. शिवाय चेहरा आपल्याला स्पष्ट दिसला होता, आपण नीट लक्ष दिलं होतं, असंही ते सांगू लागले. खात्री, दिसण्याची स्पष्टता आणि लक्ष या तिन्ही गोष्टींवरून न्यायालय साक्षीदार तोलतं, आणि शाबासकीच्या एका वाक्याने तिन्ही फुगतात. म्हणून वेल्स आणि जॉन विक्स्टेड यांनी 2017मध्ये मांडलं, की परेड नीट घेतली असेल तर पहिल्याच ओळखीच्या क्षणी, कोणी काही सांगण्याआधी साक्षीदाराने व्यक्त केलेली खात्री बऱ्यापैकी भरवशाची असते. वर्षांनंतर साक्षीच्या पिंजऱ्यातली खात्री तशी नसते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने भारवाडा भोगिनभाई खटल्यात 1983 सालीच म्हटलं होतं, की साक्षीदाराच्या मनात व्हिडिओ टेप फिरत नसते आणि खरा साक्षीदारही गोंधळून कल्पनेने तपशील भरू शकतो. पण न्यायालयात आपण अजूनही पढवलेला साक्षीदार आणि खरा साक्षीदार अशी दोनच खणांत माणसं ठेवतो. त्या बाईंना कोणी पढवलेलं नाही. उलटतपासणीत वकील कितीही आवाज चढवोत, त्या डगमगणार नाहीत, कारण त्या खोटं बोलतच नाहीत.

चूक कुठे शिरली हे ओळखायचा मार्ग एकच, पहिल्या जबाबापर्यंत मागे जाणं. तिथेच आपली अडचण आहे. जुन्या कायद्याच्या कलम 161 खालचा, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 180 खालचा जबाब सहसा सलग निवेदनाच्या रूपात, पोलिसांच्या शब्दांत आणि अनेकदा साक्षीदाराच्या भाषेहून वेगळ्या भाषेत लिहिला जातो. ‘दाढी होती’ हे उत्तर कागदावर उतरतं, ‘दाढी होती ना?’ हा प्रश्न उतरत नाही. जबाबाचं ध्वनिचित्रमुद्रण करण्याची मुभा कायद्यात आहे, सक्ती नाही. ती सक्ती होत नाही तोवर बचावाच्या वकिलालाही तो प्रश्न ऐकता येणार नाही आणि न्यायाधीशालाही नाही.