फास्टर फेणे : पुस्तकांतला आणि पडद्यावरचा

घरांत भा. रा. भागवतांचीं पुस्तकें वाचणारीं मुलें असलीं, म्हणजे संध्याकाळच्या बैठकीसाठीं ‘फास्टर फेणे’ हा २०१७ सालचा चित्रपट सहज निवडला जातो. मात्र एक भेद आधींच ध्यानांत घ्यावा. पुस्तकांतला बनेश फेणे हा फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनांत शिकणारा, सायकलवरून हिंडत नको तेथें नाक खुपसणारा शाळकरी पोरगा आहे. पडद्यावरचा बनेश वयानें वाढला आहे. तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठीं पुण्यास येतो. तेथें ओळख झालेल्या एका परीक्षार्थ्याचा मृत्यु होतो, आणि शोध घेतां घेतां परीक्षेंतला गैरव्यवहार उघडकीस येतो. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार यांनीं खुद्द भागवतांनाच कथेंतलें एक पात्र केलें आहे, व तें दिलीप प्रभावळकरांनीं रंगविलें आहे. ही योजना मला तरी फार गोड वाटली. पण पुस्तकांत संकटांतही खेळकरपणा सुटत नाहीं. येथें त्या मृत्यूची छाया कथेवरून हटत नाहीं. म्हणून आठ-नऊ वर्षांच्या मुलांना पुस्तकच वाचून दाखवावें, चित्रपट तेरा-चौदा वर्षांच्या मुलांबरोबर पाहावा. बनेशला मोठा कां केला असेल, असें मीं नातवास विचारलें. तो म्हणाला, “आजोबा, एवढे गुंड शाळेंतल्या पोरामागें लागलेले आपल्याला पाहवले असते कां?”