आजोळचं कपाट, नवा सोफा

चिपळूणजवळचं आजोळचं घर रिकामं केलं तेव्हा साडेसहा फुटी सागवानी कपाट आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये आलं. दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये आधीच एक राखाडी सोफा होता आणि सागवानी रंगाच्या लॅमिनेटचं टीव्ही युनिट. एकाच रंगाचं लाकूड म्हणून दोन्ही शेजारी ठेवली आणि तिथेच बिनसलं. लॅमिनेटवरच्या छापील रेषा ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा येतात, खऱ्या सागाच्या कधीच येत नाहीत. त्यामुळे युनिट नकली दिसायला लागलं आणि कपाट मळकट. रंग जवळजवळ जुळतो तेव्हाच डोळ्याला जास्त खुपतो. त्यापेक्षा सरळ वेगळा रंग बरा.

पण आधी कपाटाचा खरा रंग कळायला हवा होता, कारण वरचा काळेपणा बराचसा धूर-धुळीचा होता. घट्ट पिळलेल्या साबणाच्या फडक्याने पुसल्यावर निम्मा उतरला. मग दाराच्या आतल्या कोपऱ्यात, सहज दिसणार नाही तिथे, कापसाच्या बोळ्यावर पॉलिशवाल्याकडचं स्पिरिट घेऊन घासलं. जागा चिकट झाली, बोळ्यावर तपकिरी रंग आला. म्हणजे पॉलिश लाखेचं. असं पॉलिश नव्या हाताने पुन्हा उजळता येतं, सगळं खरवडावं लागत नाही. स्पिरिटने काहीच झालं नाही, तर वर दुसरा लेप आहे असं समजायचं आणि जाणत्या माणसाला दाखवायचं. आमच्या सुताराने मशीनने घासून ‘नव्यासारखं’ करायची तयारी दाखवली होती. मी नको म्हटलं. वर्षानुवर्षं मुरलेला रंग लाकडाच्या वरच्या थरातच असतो, तो घासला गेला की खालून फिकट लाकूड निघतं आणि नक्षीच्या कडाही बोथट होतात. लाखेच्या पॉलिशची एक अडचण मात्र आहे: गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. कपाटाला ते चालतं, जेवणाच्या टेबलाला नाही.

पॉलिशनंतर मधासारखा तांबूस रंग वर आला. टीव्ही युनिटचा सांगाडा तसाच ठेवून फक्त दारं बदलली, साधी, मळकट पांढरी, चमक नसलेली. मग कपाटाचा रंग खोलीत आणखी दोनच ठिकाणी आणला. सोफ्याचे स्टीलचे पाय स्क्रूने निघत होते, तिथे त्याच पॉलिशचे सागाचे पाय बसवले आणि समोरच्या भिंतीवर त्याच रंगाची एक फ्रेम लावली. कपाटाच्या कड्या पितळी, म्हणून युनिटच्या मुठीही निस्तेज पितळेच्या घेतल्या.

तरी खोली एका बाजूला कलल्यासारखी वाटायची. दोष उंचीचा होता: कपाट साडेसहा फूट, बाकी सगळं कमरेच्या खाली. समोरच्या खिडकीचे पडदे तोवर चौकटीपुरते होते. ते छताजवळून जमिनीपर्यंत सोडले, तेव्हा कपाटाला समोरून जोड मिळाली.