वाइनची यादी हातात येते तेव्हा

लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीने पहिल्यांदा ग्राहकांना जेवायला नेलं, तेव्हा वेटरने वाइनची यादी सरळ तिच्याच हातात ठेवली. बिल जो देणार, वाइनही त्यानेच निवडायची, असा तिथला रिवाज. आमच्या घरात वाइनची बाटली कधी आलेली नव्हती आणि यादी चांगली दहा पानांची होती.

तिने ती बाजूला ठेवली आणि आधी कोण काय खाणार ते विचारलं. टेबलाशी सहा जण, त्यांतला एक न पिणारा. दोघांना मासे, दोघांना मटण, तिला स्वतःला मशरूमचा रिझोटो. मग वाइनचा जाणकार, म्हणजे सोमेलिए, आला. यादीतल्या चाळीस पौंडांच्या एका किमतीवर बोट ठेवून ती म्हणाली, "मासे आणि मटण दोन्हींबरोबर चालेल अशी, साधारण इथली एक रेड सुचवा." आकडा तिने उच्चारलाच नाही. पाहुण्यांना तो कळला नाही, सोमेलिएला मात्र नेमका कळला. असं बोट ठेवण्यात कमीपणा नाही, त्याच्या रोजच्या कामातली ती खूण आहे.

त्याने पिनो न्वार सुचवली. रेड वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून टॅनिन उतरतं. कोऱ्या कडक चहाने तोंड तुरट होतं, तसं त्याने होतं. मटणाबरोबर ते खपून जातं, माशाबरोबर खटकतं. पिनो न्वारची साल पातळ, त्यामुळे तिच्यात टॅनिन बेताचं असतं. बाटली 750 मिलिलीटरची, 125 मिलिलीटरचे सहा ग्लास भरतात. पाच जणांना एक फेरी आरामात होते. जेवणाआधीच्या पदार्थांबरोबर तिने एक व्हाइटही मागवली.

खरी धांदल उडते ती पुढे. सोमेलिए बाटलीचं लेबल दाखवतो. नाव आणि साल आपण सांगितलेलंच आहे ना, एवढं पाहायचं. मग तो ग्लासात घोटभर ओततो आणि थांबतो. वाइन आवडली का, असा त्याचा प्रश्न नसतो. बाटली बिघडलेली नाही ना, एवढंच त्याला विचारायचं असतं. ग्लास हलकेच फिरवून वास घ्यावा. बुचातल्या दोषाने बिघडलेल्या वाइनला पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतो आणि फळांचा गंध दबून जातो. तसं वाटलं तर "ही ठीक वाटत नाही, जरा बघता का?" असं विचारावं. तो स्वतः वास घेतो आणि दोष असेल तर बाटली बदलून देतो. बाटली निर्दोष असूनही नुसती चव रुचली नाही, म्हणून मात्र ती परत करता येत नाही. वास स्वच्छ असेल तर मान हलवली की पुरे.

आपण पीत नसलो, तर तो घोट शेजारच्या पाहुण्याकडे किंवा खुद्द सोमेलिएकडे सोपवावा. यजमानाने ग्लास उचललाच पाहिजे, अशी सक्ती तिथेही नाही.