जुन्या पत्रिकेचं लग्न तपासा

घाटकोपरच्या एका आजींची पत्रिका पाहिली. जन्म १० ऑगस्ट १९३८, मुंबई, सकाळी ६.३०. सॉफ्टवेअर म्हणतं कर्क लग्न.

लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास. तेच प्रथम स्थान. शरीरयष्टी, चेहरा, तब्येत, पहिली छाप यावरूनच पाहतात. कर्क लग्नाला गोल चेहरा, मृदू बोलणं सांगतात. आजी मात्र रुंद खांद्यांच्या, करारी!

पण लग्न चेहऱ्यावरून ठरवू नका, आधी घड्याळ तपासा. मुंबईत १९५५ पर्यंत 'मुंबई टाइम' चालायचा, भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. आजींच्या टिपणात तोच होता. म्हणजे खरी वेळ ७.०९, लग्न सिंह.

तुमच्या घरच्या जुन्या पत्रिकेत कोणती वेळ आहे? शंका असेल तर कमेंटमध्ये विचारा.