पैसे घेणाऱ्याला पिन लागत नाही

भाजीवाल्याकडे पैसे देताना एकदा त्याच्याकडे नीट बघा. स्कॅन आपण करतो, रक्कम आपण टाकतो, पिन आपण दाबतो. तो मात्र मेथीची जुडी पिशवीत घालत असतो. मग त्याच्या गाडीवरचा डबा बोलतो, 'चाळीस रुपये प्राप्त झाले'. पैसे मिळण्यासाठी त्याने काहीच केलेले नसते, फोनला हातही लावलेला नसतो.

रोज डोळ्यांसमोर घडणारी ही गोष्ट ऐनवेळी का विसरली जाते, हे समजण्यासाठी एक नेहमीचा प्रसंग घेऊ. समजा, एका बाईंनी जुने वॉशिंग मशीन विकायची जाहिरात ऑनलाइन टाकली, किंमत साडेआठ हजार. तासाभरात फोन येतो. समोरचा सैन्यात असल्याचे सांगतो, बदली झाली म्हणतो, घासाघीस अजिबात करत नाही. मशीन न बघताच त्याला आगाऊ पैसे द्यायचे असतात. खरे तर इथेच थांबायला हवे, कारण जुन्या वस्तूचा खरा गिऱ्हाईक आधी ती चालू करून बघतो.

'खाते बरोबर आहे का बघतो' म्हणून तो पाच रुपये पाठवतो. ते खरोखर जमा होतात, आणि बाईंचा विश्वास बसतो. मग व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर येतो. 'मॅडम, हा स्कॅन करा, साडेआठ हजार दिसतील, पिन टाका, पैसे जमा होतील.' बाई पिन टाकतात आणि साडेआठ हजार खात्यातून जातात. त्या घाबरून ओरडतात, तर तो शांतपणे म्हणतो, 'सिस्टीमची चूक झाली, रिफंडचा कोड पाठवतो.' दुसरा कोड, पुन्हा साडेआठ हजार. गेलेले परत मिळवण्याच्या धडपडीत माणूस दुसऱ्यांदा फसतो, आणि मला या फसवणुकीतला सगळ्यात निर्दय भाग हाच वाटतो.

त्या चौकोनात असते तरी काय? यूपीआयचा क्यूआर उलगडला तर साधारण अशी एक ओळ निघते:

```
upi://pay?pa=abc@bank&pn=Army Canteen&am=8500&tn=Refund
```

`pa` म्हणजे पैसे कुठे जाणार तो पत्ता, `am` म्हणजे रक्कम. `pn` हे नाव आणि `tn` ही टीप, दोन्ही कोड बनवणारा हवे ते लिहू शकतो. 'Refund' किंवा 'Receive' हे शब्द त्यानेच टाइप केलेले असतात. बँकेचा त्यांच्याशी संबंध नसतो. ओळीतला खरा शब्द आहे `pay`, म्हणजे द्या.

म्हणून वाचायचा असतो तो पिनचा पडदा. तिथे रक्कम आणि ती कोणाला जाणार ते दिसते. शिल्लक बघायलाही पिन लागतो, पण तेव्हा पडद्यावर घेणाऱ्याचे नाव नसते. अडचण अशी की ठक फोन ठेवूच देत नाही. 'लवकर करा, साहेब उभे आहेत' असे तो बोलत राहतो, आणि बोलता बोलता पडदा वाचायचा राहून जातो. फोन ठेवून वाचले, तर खेळ तिथेच मोडतो.

या युक्तीचे जुने रूप म्हणजे कलेक्ट रिक्वेस्ट. समोरचा आपल्याकडे पैसे मागायचा, ती मागणी आपल्या ॲपवर यायची आणि आपण 'पैसे आले' समजून मंजुरी द्यायचो. एनपीसीआयने दोन व्यक्तींमधली ही सोय 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केली. व्यापाऱ्यांकडून येणारी मागणी मात्र चालू आहे, आणि क्यूआरची युक्तीही तशीच शिल्लक आहे.

पैसे गेलेच, तर पहिला फोन 1930 ला करायचा, किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवायची. आपल्या बँकेलाही लगेच कळवायचे. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक आणि वेळ हाताशी ठेवा. नुसता ॲपमधल्या तक्रारीचा भरवसा धरू नका. पिन आपणच टाकलेला असल्याने बँकेच्या लेखी तो यशस्वी व्यवहार असतो आणि आपोआप उलटत नाही. तक्रार वेळेत पोचली तर ज्या खात्यात पैसे गेले, तिथे ते गोठवता येतात. ती खाती बहुधा भाड्याने घेतलेली असतात आणि रक्कम भराभर पुढे सरकते. त्यामुळे घरच्यांना कसे सांगायचे या संकोचात संध्याकाळपर्यंत गप्प बसलेल्याच्या हाती फारसे काही लागत नाही. घरच्यांशी नंतर बोलता येईल, आधी 1930.